पहिल्या पिढीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि प्राचार्यांचे स्वागतभाषण

ज्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांपैकी कोणीही महाविद्यालयात शिकलेले नाही, त्याला उच्चशिक्षणाच्या परिभाषेत पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणतात. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी चालणाऱ्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत अशा विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. प्रथम वर्षाचे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास तेथे जो पालक मेळावा भरतो, त्यातील प्राचार्यांचे भाषण हा बहुतेक पालकांचा महाविद्यालयाशी येणारा पहिला आणि पुष्कळदा एकमेव संबंध ठरतो. संस्थेचा इतिहास, मूल्यांकनात मिळालेली श्रेणी, खेळाडूंची पदके आणि शेवटी 'मन लावून अभ्यास करा' असा उपदेश, ही या भाषणाची रूढ मांडणी आहे. ती शिकलेल्या घरांना चालून जाते, कारण बाकीच्या गोष्टी त्या घरात कोणाला तरी आधीच ठाऊक असतात. पहिल्या पिढीच्या घरात मात्र फी किती, त्यातली आज किती, सरकार किती देणार, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि तो चुकला तर काय होते, हे सांगणारे कोणीही नसते. म्हणून हे भाषण प्राचार्यांनी गौरवपर न ठेवता माहितीपर ठेवावे आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ पैशाच्या प्रश्नाला द्यावा, असा या लेखाचा आग्रह आहे.

भाषणाचा दिवस ठरवताना मजुरीचा विचार करणे आवश्यक आहे. रोजंदारीवर जाणारे पालक सभेला आले की त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि पेरणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत तो बुडवणे त्यांना परवडत नाही. तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो त्या दिवशी गावोगावची माणसे तशीही गावात येतात, त्यामुळे बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवलेल्या बैठकीला पालकांची उपस्थिती अधिक मिळण्याची शक्यता असते. भाषण चाळीस मिनिटांपेक्षा लांबू नये आणि त्यातील शब्द पालकांच्या ओळखीचे असावेत. शासकीय परिपत्रकात 'शिक्षण शुल्क' असले तरी सभागृहात 'फी' म्हणावे, आणि पावतीवर छापलेला शब्द पालकांना पुढे वाचावा लागणार असल्याने तो शब्दही एकदा अर्थासह सांगावा.

फी: आज किती, कोण भरणार, परत काय मिळणार

फीविषयी बोलताना एकच एकूण रक्कम सांगणे ही सर्वांत सामान्य चूक होय. फलकावर नऊ-दहा हजारांचा आकडा पाहून ज्या घराने मुलीचा प्रवेश रद्द करण्याचे मनात आणलेले असते, त्या घराला प्रत्यक्षात त्या दिवशी हजार-बाराशे रुपयेच भरावे लागणार असतात. प्राचार्यांनी म्हणून एकूण रकमेचे तीन भाग करून दाखवावेत. शिष्यवृत्तीतून किंवा फीमाफीतून सरकार भरणार असलेली रक्कम हा पहिला भाग. कोणत्याही योजनेत न बसणारी आणि घरानेच भरायची रक्कम हा दुसरा. तिसरा भाग अनामत रकमेचा, म्हणजे ग्रंथालयासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी ठेव म्हणून घेतलेल्या आणि विद्यार्थी महाविद्यालय सोडताना परत मिळणाऱ्या पैशांचा. अनामत परत मिळते हे अनेक पालकांना ठाऊकच नसते, आणि मूळ पावती हरवल्यामुळे ती मागायला कोणी येत नाही. 'या पावतीची घडी शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवा' हे एक वाक्य प्राचार्यांनी पावतीचा नमुना हातात धरून उच्चारले, तर त्याचा उपयोग होतो. पावतीशिवाय कोणालाही, कोणत्याही कारणासाठी रोख रक्कम देऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे. देणगी म्हणून किंवा ठरलेल्या फीव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे घेण्यास राज्यात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे.

अनुदानित आणि विनाअनुदानित यांतील फरक येथेच सांगणे योग्य होय. ज्या तुकडीतील शिक्षकांचे पगार शासन देते ती अनुदानित तुकडी, आणि ज्या तुकडीचा सर्व खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून भागवावा लागतो ती विनाअनुदानित. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, बी.कॉम.चा वर्ग अनुदानित आणि शेजारचा संगणकविषयक पदवीचा वर्ग विनाअनुदानित असू शकतो आणि दोघांच्या फीत कित्येक पटींचे अंतर असते. शेजारच्या मुलाला दोन हजार फी पडली आणि आपल्या मुलाला अठरा हजार का, या प्रश्नाचे उत्तर पालकांना कोणी दिले नाही, तर त्यांच्या मनात महाविद्यालयाविषयी संशय बसतो आणि पुढच्या प्रत्येक व्यवहारात तो आड येतो.

सरकारी योजनांची नावे पुष्कळ आहेत. ती सगळी सभागृहात वाचून दाखवल्याने गोंधळच वाढतो. पालकांनी स्वतःचे घर कोणत्या दारातून आत जाते एवढे ओळखावे, इतपत सांगणे पुरेसे आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती, असून तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे उत्पन्न त्याहून अधिक आहे, त्याच्यासाठी फीमाफीची योजना आहे. तिला कार्यालयांत 'फ्रीशिप' म्हणतात आणि तिच्यात फी माफ होते, पण निर्वाह भत्ता मिळत नाही. इतर मागास, भटक्या व विमुक्त जमातींसाठी त्यांच्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. आरक्षणात न येणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. खुल्या प्रवर्गातील गरीब शेतकऱ्यांना आपल्यासाठी काही योजना असेल असे वाटतच नाही, त्यामुळे ते अर्जच करत नाहीत. म्हणून या शेवटच्या योजनेचे नाव प्राचार्यांनी दोनदा घ्यावे.

मुलींच्या मोफत शिक्षणाविषयी जो गैरसमज पसरलेला आहे, तोही या व्यासपीठावरून दूर व्हायला हवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. तथापि ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या गुणवत्ता यादीद्वारे, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती लागू होत नाही आणि वसतिगृहाचा किंवा खानावळीचा खर्च तिच्यात येत नाही. 'मुलींना सगळे मोफत आहे' असे ऐकून बी.ए.च्या प्रवेशाला रिकाम्या हाताने आलेल्या बापाला खिडकीवरचा लिपिक तुटकपणे परत पाठवतो, तेव्हा मुलीचे शिक्षण तेथेच थांबण्याचा धोका असतो, आणि हा धोका भाषणातील दोन वाक्यांनी टळू शकतो.

खात्यात आलेले पैसे कोणाचे

या योजनांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर, म्हणजे mahadbt.maharashtra.gov.in येथे, भरावे लागतात. डीबीटी म्हणजे लाभाची रक्कम मध्यस्थाविना थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयातील लिपिकाच्या संगणकावर, मग प्राचार्यांच्या मान्यतेसाठी आणि त्यानंतर जिल्ह्याच्या संबंधित विभागाकडे जातो. यापैकी कोणत्याही टप्प्यावर कागद अस्पष्ट किंवा चुकीचा आढळला तर अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत येतो आणि पडद्यावर Send Back असा शेरा दिसतो. गफलत नेमकी येथे होते. सायबर कॅफेत अर्ज भरून पावती घेतली की काम संपले असे घरात समजले जाते, परत आलेला अर्ज कोणी उघडून पाहत नाही आणि मुदत संपते. अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी त्याची स्थिती पाहावी आणि दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे, हे सांगितल्यावाचून भाषणाचा हा भाग पूर्ण होत नाही. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एखाद्या काकाचा मोबाइल क्रमांक अर्जात टाकलेला असतो, हेही वारंवार दिसते. मग सांकेतिक क्रमांक त्या माणसाच्या फोनवर जातो आणि तो गावात नसला की अर्ज अडकतो. आधार कार्डाला जोडलेला आणि घरातच राहणारा क्रमांक अर्जात असावा.

बँक खात्याचा मुद्दा याहून नाजूक आहे, कारण त्यातील दोन गोष्टी एकसारख्या वाटतात पण एक नाहीत. खाते उघडताना बँकेला ओळखीसाठी आधार क्रमांक दिला, म्हणजे ते खाते शासकीय रक्कम स्वीकारण्यासाठी आधारला जोडले गेले असे होत नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमतीपत्राचा अर्ज द्यावा लागतो. या जोडणीला आधार सीडिंग म्हणतात. एका आधार क्रमांकाला अशा तऱ्हेने एकच खाते जोडलेले राहते, आणि ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटी झाली त्यात रक्कम जाते. शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी उघडलेल्या जुन्या खात्याला आधार जोडलेला असतो, त्यात दोन वर्षे काही व्यवहार न झाल्यामुळे ते निष्क्रिय झालेले असते, आणि विद्यार्थी मात्र अर्जाबरोबर नव्या पासबुकाची प्रत जोडून निश्चिंत असतो. myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर Bank Seeding Status या ठिकाणी कोणत्या बँकेचे खाते जोडलेले आहे आणि ती जोडणी चालू आहे की नाही, हे दिसते. महाविद्यालयाने पहिल्या महिन्यातच संगणक कक्षात प्रत्येक विद्यार्थ्याकडून ही तपासणी करून घेतली, तर पुढच्या तक्रारींचा मोठा भाग उद्भवणारच नाही.

पैसे जमा झाल्यानंतरची अडचण कोणी आधी सांगत नाही म्हणून सर्वाधिक त्रासदायक ठरते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र व राज्य यांनी ६० व ४० टक्के या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होतो, त्यात निर्वाह भत्त्याबरोबर महाविद्यालयाला द्यावयाची फीही असते आणि ती फी विद्यार्थ्याने रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयात भरणे अपेक्षित असते. आधीच्या काळात फीची रक्कम महाविद्यालयाकडे परस्पर जात असल्याने 'शिष्यवृत्ती म्हणजे मुलाच्या हाती येणारे पैसे' हा समज घराघरांत पक्का झालेला आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातील, अनुसूचित जातीची एक मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात दाखल झाली आहे, ती गावाहून एसटीने ये-जा करते, आणि तहसीलदारांच्या दाखल्यानुसार घराचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपये आहे, असे समजावे. महाविद्यालयाच्या फलकावर तिची एकूण फी ९,२०० रुपये आहे. त्यापैकी ८,००० रुपये योजनेत मान्य असलेल्या बाबींचे, ५०० रुपये अनामत आणि ७०० रुपये योजनेत मान्य नसलेल्या किरकोळ बाबींचे आहेत. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी योजनेतील फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना असल्याने तिच्या घराला पहिल्या दिवशी १,२०० रुपयेच भरावे लागतात. केंद्राच्या दराने, घरून ये-जा करणाऱ्या व सर्वसाधारण पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये भत्ता आहे. म्हणजे तिच्या नावे एकूण ११,००० रुपये येणार. राज्याचा ४० टक्के वाटा ४,४०० रुपये होतो आणि केंद्राचा ६० टक्के वाटा ६,६०० रुपये. दोन्ही वाटे खात्यातच आले, तर ४,४०० पैकी ३,२०० महाविद्यालयाच्या फीचे व १,२०० भत्त्याचे, आणि ६,६०० पैकी ४,८०० फीचे व १,८०० भत्त्याचे धरावे लागतात. मोबाइलवर येणाऱ्या संदेशात मात्र ही फोड नसते. तेथे फक्त ६,६०० रुपये जमा झाल्याचा आकडा दिसतो. तो ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी घरात बियाण्याची उधारी असते, आजारपण असते, किंवा धाकट्या भावाची शाळेची फी असते, आणि सगळी रक्कम खर्च होते. पुढे परीक्षेचा अर्ज भरताना ४,८०० रुपये थकीत असल्याचे कळते, आणि तेव्हा ते एकरकमी उभे करणे त्या घराला शक्य नसते.

यावर उपाय साधा आहे. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर त्याच्या नावापुढे फीचा व भत्त्याचा आकडा वेगवेगळा लिहून द्यावा. प्राचार्यांनी सभागृहात ती वाचून दाखवावी आणि स्पष्ट शब्दांत सांगावे: 'पालकहो, खात्यात पैसे आले की आधी ही चिठ्ठी काढा. वरचा आकडा महाविद्यालयाचा आहे, खालचा मुलीच्या प्रवासाचा आणि वह्यापुस्तकांचा आहे. वरचा आकडा भरण्यात काही अडचण आली तर लपवू नका. कार्यालयात या, हप्ते पाडून देऊ.' शेवटचे आश्वासन मात्र महाविद्यालयाने खरोखर पाळायचे ठरवले असेल तरच द्यावे. दिलेला शब्द कार्यालयाने मोडला तर पुढच्या वर्षी पालक अडचण सांगायला येत नाहीत.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगावे की उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात. जात वैधता प्रमाणपत्र ही त्याहून वेगळी गोष्ट असून ते जिल्ह्याची पडताळणी समिती देते आणि त्यासाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, भटक्या व विमुक्त जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतील उतारा हा त्यांतील नेहमीचा पुरावा होय, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली नोंदी शोधाव्या लागतात. ज्या घरात कोणी शिकलेलेच नाही त्या घराला शाळेचा पुरावा मागणारी ही अट सर्वांत जड जाते. बी.ए., बी.एस्सी. झाल्यावर मुलाला बी.एड. किंवा विधी शाखेकडे जायचे असेल तर तेव्हा हे प्रमाणपत्र लागेलच, म्हणून त्याची तयारी पहिल्याच वर्षी सुरू करण्यास सांगावे.

प्रवेश रद्द करावा लागला तर पैसे परत मिळतात का, हा प्रश्न पालक सभेत विचारत नाहीत, परंतु त्यांच्या मनात तो असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के आणि सोळाव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के फी परत मिळते. तीस दिवसांनंतर काही मिळत नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया खर्च म्हणून पाच टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये, कापता येतात. गुणपत्रके व इतर मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, ती अडवून ठेवू नयेत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. स्वतःच्या संस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग प्राचार्यांनी स्वतः सांगितला, तर बाकीच्या भाषणावरही पालकांचा विश्वास बसतो.

नियम: आकड्यांत आणि कारणांसह

नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा हजेरीचा नियम नीट समजावणे अधिक उपयोगाचे आहे, कारण शेतीच्या कामांशी त्याचाच थेट संघर्ष होतो. बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक विषयाला ७५ टक्के हजेरी बंधनकारक असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, होते आणि एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील सुमारे पंधरा तास व्याख्याने. दोन श्रेयांकांच्या विषयाला सत्रात तीस तास होतात, त्यांपैकी तेवीस तासांना बसावेच लागते आणि सातच तास चुकवता येतात. आठवड्याला दोन तास असणाऱ्या विषयाच्या बाबतीत याचा अर्थ असा की कापूस वेचणीसाठी मुलगा महिनाभर घरी राहिला तर त्या एका महिन्यात त्याचे आठ तास बुडतात आणि त्या विषयात त्याचे सत्र अडचणीत येते. असा हिशेब पालकांना लगेच कळतो, कारण हजेरीवर रोज मिळण्याची व्यवस्था त्यांच्या परिचयाची असते. आठवड्यातून दोन दिवस घरी राहिले तर चालते, हा समज त्यामुळे मोडतो; त्याचबरोबर सुगीत दोन-तीन दिवस मदतीला राहिले तर आभाळ कोसळत नाही, हेही लक्षात येते. हजेरीचा संबंध शिष्यवृत्तीच्या हप्त्याशीही आहे, याची आठवण येथे करून द्यावी.

परीक्षेतील एटीकेटी हा शब्दही समजावून सांगावा लागतो. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी, असा त्याचा अर्थ आहे. राहिलेले विषय पुढे पुन्हा परीक्षा देऊन सोडवायचे असतात. दहावी-बारावीच्या सवयीने घरात याला 'नापास' म्हटले जाते, आणि विशेषतः मुलीच्या बाबतीत त्या एका शब्दावर शिक्षण थांबवून लग्नाची बोलणी सुरू होतात. एक-दोन विषय राहणे हे शिक्षण संपल्याचे लक्षण नाही, हे प्राचार्यांनी अधिकारवाणीने सांगायला हवे, कारण मुलीच्या तोंडून ते कोणाला पटत नाही.

रॅगिंगविषयी थोडक्यात पण ठामपणे बोलावे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा असून गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. विद्यार्थी व पालक या दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते ते त्यासाठीच, आणि त्यावर सही करण्यापूर्वी ते पालकांना वाचून दाखवले पाहिजे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. जातीवरून टोमणे मारणे हेही छळाचेच रूप होय, हे येथे उघडपणे म्हणावे, आडवळणाने सुचवू नये.

कोणत्या दारी कोण बसते

साहाय्य कक्षांची नावे सांगून त्यांचा उपयोग होत नाही, कारण 'कक्ष' म्हणजे नेमकी कोणती खोली हे पालकांना कळत नाही. त्या त्या कामाची माणसे व्यासपीठावर उभी करावीत, त्यांची नावे व खोल्या सांगाव्यात आणि प्रत्येकाजवळ कोणती अडचण घेऊन जायचे हे एका वाक्यात सांगावे. शिष्यवृत्तीचा लिपिक, विद्यार्थी विकास अधिकारी आणि ग्रंथपाल या तिघांशी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा सर्वाधिक संबंध येतो. ग्रंथपेढी, म्हणजे पाठ्यपुस्तकांचा संच सत्रभर घरी देणारी योजना, ग्रंथपालांकडे असते. तिचा अर्ज पहिल्या काही दिवसांत न दिल्यास संच संपतात.

वसतिगृहाचा विषय लांबून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी रक्कम मिळू शकते, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे; बांधकाम मजुरांनी आपली नोंदणी वेळेवर करून घेण्याचे एक कारण हेही आहे.

कमवा व शिका योजनेचा उल्लेख अनेक प्राचार्य सहानुभूतीच्या सुरात करतात. ते टाळावे. रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले ते याच तत्त्वावर, आणि आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात ठरावीक तास काम करून त्याचा मोबदला घेणे हा विद्यार्थ्याचा हक्काचा मार्ग आहे, अशाच शब्दांत ती मांडावी.

तक्रारीची दारे दोन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता यायला हवीत. मुलींना लैंगिक स्वरूपाचा त्रास झाल्यास २०१३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अंतर्गत तक्रार समितीकडे, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करावी. समितीच्या अध्यक्ष महिला असतात आणि तक्रार गोपनीय ठेवली जाते. फी, निकाल, शिष्यवृत्ती, कागदपत्रे अडवणे किंवा भेदभाव यांविषयीची तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते, आणि तेथे समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ही तरतूद केलेली आहे. लेखी तक्रार देताना दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा, हे सांगण्यास महाविद्यालयाने संकोचू नये.

भाषण संपल्यावर लगेच आभारप्रदर्शन व चहापान ठेवू नये. सभागृहातच टेबले मांडून तेथे लिपिक व प्राध्यापक बसवावेत, आणि प्रत्येक पालकाला फीची चिठ्ठी, कागदांची यादी व दूरध्वनी क्रमांक असलेले एक पान मोठ्या अक्षरांत छापून द्यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते पान तेथेच कोणीतरी वाचून दाखवावे. चारचौघांत उभे राहून प्रश्न विचारणे ज्यांना जमत नाही, ते पालक टेबलाजवळ हमखास बोलतात, आणि विशेषतः आया बोलतात. त्यांचे प्रश्न एका वहीत उतरवून घ्यावेत, कारण पुढच्या वर्षीच्या भाषणात काय असावे हे त्या वहीतूनच कळते. प्राचार्यांना विनंती एवढीच की ही बैठक वर्षातून एकदाच घेऊन थांबू नये. पहिल्या सत्राच्या परीक्षेचे अर्ज सुटण्यापूर्वी, बाजाराच्याच एखाद्या दिवशी, तीच टेबले पुन्हा मांडावीत आणि ज्यांचे अर्ज परत आलेले आहेत अशा विद्यार्थ्यांच्या घरी आदल्या आठवड्यात स्वतः फोन करावा.